सनकोटाचं कापड निवडताना: भोकं, रंग, धागा आणि धुणं

सोलापुरात नव्याने राहायला आलेला माणूस ऊन मोजतो ते अंगाला लागणाऱ्या झळांवरून. झळा सगळ्यात जास्त दुपारी तीन-चारला लागतात, म्हणून तो त्या वेळी सांभाळतो आणि साडेबारा वाजता बिनधास्त गाडी काढतो. कातडी भाजणारे आणि वर्षानुवर्षं काळवंडवणारे अतिनील किरण मात्र उष्णतेचं वेळापत्रक पाळत नाहीत. सूर्य जितका डोक्यावर, तितके ते जास्त. सोलापूरच्या घड्याळात सूर्य साडेबाराच्या आसपास सगळ्यात वर असतो आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली बुडाशीच गोळा होते. ऑगस्टच्या सुरुवातीलाही हेच घडतं, तेव्हा ढग असतात म्हणून लक्षात येत नाही एवढंच. साडेदहा ते अडीच हा खरा जपण्याचा वेळ.

सूर्य डोक्यावर असताना दुचाकीवर बसलेल्या माणसाचे खांदे, मानेची मागची बाजू, हँडलवर ताणलेले हात आणि हाताचे पंजे सगळ्यात जास्त ऊन खातात. म्हणून इथे सनकोटाचंच उदाहरण घेऊ. सनकोटाचं कापड निवडता आलं की शर्ट, स्कार्फ, मुलांचे कपडे यांचा निकाल आपोआप लावता येतो.

आकडा कशाचा असतो

कापडाच्या संरक्षणाला यूपीएफ म्हणतात. त्वचा लाल करणाऱ्या अतिनील किरणांचा कितवा भाग कापडातून आत येतो, ते हा आकडा सांगतो. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के आत. यूपीएफ १५ म्हणजे पंधरावा भाग, साधारण पावणेसात टक्के. साधा पांढरा सुती टी-शर्ट बहुधा ५ ते ९ च्या मध्ये कुठेतरी असतो आणि भिजला की आणखी खाली येतो. पांढरा सुती कपडा उन्हाळ्यात बरा वाटतो हे खरं, पण किरण अडवण्यात तो कच्चा आहे.

आपण घेतो त्या बहुतेक ताग्यांवर हा आकडा छापलेला नसतो. त्यामुळे कापड स्वतः वाचता यायला हवं.

पहिली पायरी: भोकं मोजा

किरण आत येण्याचे रस्ते दोनच. एक, धाग्यांमधल्या मोकळ्या जागेतून सरळ. दुसरा, धाग्याच्या आरपार. पहिला रस्ता उघडा असेल तर दुसऱ्याची चर्चा व्यर्थ, कारण भोकाला रंगही नसतो आणि जातही नसते. कापडाच्या क्षेत्रफळात १० टक्के भोकं असतील तर धागा लोखंडाचा असला तरी यूपीएफ १० च्या वर जाऊ शकत नाही. ५० गाठायचा तर भोकं २ टक्क्यांच्या आतच हवीत.

भोकं किती हे ताण्याचे म्हणजे लांबीतले उभे धागे, बाण्याचे म्हणजे आडवे धागे आणि सुताचा काउंट यांवरून काढता येतं. काउंट जितका मोठा तितकं सूत बारीक. जुना ठोकताळा असा की काउंटचं वर्गमूळ काढून २८ ने गुणलं की एका इंचात किती धागे शेजारी शेजारी चिकटून मावतील ते कळतं. २० काउंटचे १२५ मावतात, ६० काउंटचे २१७.

आता दोन कापडं समोर ठेवू. एक केंब्रिक, कुर्त्यांना आणि पांढऱ्या सनकोटांना सर्रास वापरतात ते: दोन्हीकडे ६० काउंट, इंचाला ताणा ९२, बाणा ८८. दुसरं गणवेशाच्या पँटचं सुती ट्विल: दोन्हीकडे २० काउंट, ताणा १०८, बाणा ५६.

केंब्रिकमध्ये इंचभर जागेत २१७ धागे मावले असते, आहेत ९२. म्हणजे ताण्याने ४२ टक्के जागा झाकली, ५८ टक्के मोकळी राहिली. बाण्याने ४१ टक्के झाकली, ५९ टक्के मोकळी. दोन्हींतून सुटलेली जागा म्हणजे ५८ टक्क्यांचे ५९ टक्के, साधारण ३४ टक्के. कापडाचा तिसरा हिस्सा भोकं! ट्विलमध्ये ताणा १२५ पैकी १०८, म्हणून मोकळी जागा साधारण १४ टक्के. बाणा १२५ पैकी ५६, मोकळी ५५ टक्के. गुणाकार साडेसात टक्के.

हा कागदावरचा हिशोब कडक आहे. तो धागा गोल आणि गुळगुळीत धरतो. खऱ्या कापडात धागा दाबला जाऊन पसरतो आणि सुताची लव भोकांत शिरते, त्यामुळे प्रत्यक्षात भोकं यापेक्षा कमी असतात. म्हणून या टक्क्यांतून थेट यूपीएफ काढू नका, दोन कापडांची तुलना करा. वरच्या जोडीत ट्विलची भोकं केंब्रिकच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहेत, आणि हा फरक कुठल्याही रंगाने किंवा पावडरीने भरून निघणारा नाही.

काउंट माहीत नसेल तर मोबाइल पुरे. टॉर्च लावा, त्यावर कापडाचा एकच थर सपाट पसरा आणि दुकानातल्या सावलीच्या कोपऱ्यात बघा. गडद कापडात भोकं टाचणीने टोचल्यासारखे बारीक, तीक्ष्ण ठिपके होऊन दिसतात. ठिपके मोजता येण्याइतके विरळ असतील तर कापड चांगलं. चांदण्यासारखी जाळी दिसली तर सोडून द्या. पांढऱ्या कापडावर ही परीक्षा फसते, कारण धागाच उजेडाने पेटल्यासारखा दिसतो आणि भोकं त्यात लपतात. तिथे कॅमेरा झूम करून फोटो काढा, ताण्या-बाण्याच्या चौकटीतले रिकामे चौकोन दिसतील.

नंतर तेच कापड दोन्ही हातांनी थोडं ताणून पुन्हा बघा. विणलेल्या ट्विलमध्ये फारसा फरक पडत नाही. होजियरीचं कापड मात्र ताणताच उघडतं. होजियरीचा सनकोट हातावर घट्ट बसत असेल तर कोपराशी आणि खांद्याशी तो दिवसभर ताणलेलाच असतो, म्हणजे नेमकं ऊन पडतं तिथेच भोकं मोठी. असा कोट एक माप मोठा घ्या.

स्कार्फच्या बाबतीत हाच गुणाकार आपल्या उपयोगी पडतो. ३४ टक्के भोकांच्या कापडाची दुहेरी घडी घेतली की भोकांवर भोकं बसण्याची शक्यता ३४ टक्क्यांचे ३४ टक्के, म्हणजे सुमारे १२ टक्के उरते. तिहेरी घडीला ४ टक्के. पातळ ओढणी फेकायची गरज नाही, मानेवर आणि गालांवर ती तीन पदरी येईल अशी बांधा. डोक्यावरून घेतलेला पंचा पातळ असेल तर त्यालाही हाच नियम. सोलापुरी टेरी टॉवेल मात्र एकेरीही चालतो, कारण त्याचे फासे दोन्ही बाजूंनी कलून खालची विरळ वीण झाकतात. मानेभोवती छोटा नॅपकिन टाकून शेतात जाणाऱ्या माणसाची मान एकपदरी पांढऱ्या उपरण्यापेक्षा जास्त झाकलेली असते.

दुसरी पायरी: रंग

भोकं बंद झाली की धाग्याच्या आरपार येणाऱ्या किरणांचा प्रश्न उरतो. पूर्ण ब्लीच केलेल्या सुताचा तंतू अतिनील किरणांना फारसा अडवत नाही, म्हणून दाट विणीचं पांढरं पॉपलिनही अपेक्षेपेक्षा कमी पडतं. रंगाचे रेणू दृश्य प्रकाशाबरोबर अतिनील किरणही शोषतात. तोच रंग, तेच कापड असेल तर गडद छटा फिक्या छटेपेक्षा नेहमी जास्त अडवते, कारण धाग्यात रंगच जास्त असतो. नेव्ही ब्लू, मरून, बॉटल ग्रीन, काळा, गडद लाल हे भरवशाचे. मात्र दोन वेगळ्या रंगांत नुसत्या डोळ्यांनी निवाडा करता येत नाही. कुठला रंग अतिनील किरण किती शोषतो हे त्या रंगद्रव्यावर ठरतं, त्यामुळे दोन सारखेच दिसणारे हिरवे वेगळे वागू शकतात.

छापील कापडाला पांढरी जमीन असेल तर ते पांढरंच धरा. फुलापुरतं संरक्षण फुलाखाली, बाकी पाठ उघडी.

इथे सगळे विचारतात, सोलापूरच्या उन्हात गडद कपडा घालून उकडून मरायचं का? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर शिवणीत आहे. गडद कापड जास्त तापतं हे खरंच. पण ते अंगापासून सुटं असेल तर ती उष्णता कातडीपर्यंत येण्याआधी मधल्या हवेबरोबर बरीचशी निघून जाते. वाळवंटातले भटके बेदुइन काळे झगे का घालतात याची मोजणी १९८० साली नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. तिच्यात काळ्या आणि पांढऱ्या सैल झग्यांत माणसाच्या अंगाला लागणारी उष्णता सारखीच निघाली. मुद्दा सैलपणाचा आहे. खांद्याला कापड टेकणारच, पण बगल, पाठ आणि बाही यांत मोकळीक ठेवायला टेलरला आवर्जून सांगा. तरीही काळा नको वाटत असेल तर मध्यम गडद खाकी किंवा राखाडी घ्या आणि वीण आणखी दाट निवडा. पांढऱ्याकडे मात्र वळू नका.

तिसरी पायरी: धागा

पॉलिस्टरच्या रेणूत बेन्झीनची कडी असते आणि ती त्वचा भाजणारे कमी तरंगलांबीचे अतिनील किरण, म्हणजे यूव्ही-बी, चांगले शोषते. जास्त तरंगलांबीचे यूव्ही-ए किरण मात्र तिच्यातून बऱ्यापैकी निसटतात. म्हणून पांढरं टेरीकॉट त्याच विणीच्या पांढऱ्या सुती कापडापेक्षा सरस, पण त्यालाही रंगाची साथ हवीच. रेयॉनचं लिझीबिझी कापड अंगाला गार लागतं, पण फिकं आणि पातळ असेल तर किरण अडवण्यात सुताच्याच रांगेत किंवा मागे.

सुतात एक चांगला अपवाद आहे: मांजरपाट. ते ब्लीच केलेलं नसतं. त्याचा पिवळसरपणा म्हणजे कापसातली मूळची रंगद्रव्यं, आणि ती अतिनील किरण शोषतात. ब्लीच झालं की ती निघून जातात. ज्यांना फिकाच रंग हवा त्यांनी पांढऱ्याशुभ्र केंब्रिकऐवजी जाड मांजरपाटाचा विचार करावा. उलट खादी जाडसर दिसते म्हणून निश्चिंत होऊ नका. हातसूत उंचसखल असतं, मध्येच विरळ पट्टे सुटतात. टॉर्च लावल्याशिवाय घेऊ नका.

घाम हा सोलापुरात धाग्याचाच भाग समजावा. कोरड्या सुतात तंतू आणि हवा यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो, त्यातला बराच परत फिरतो. हवेच्या जागी पाणी भरलं की विखुरणं कमी होतं आणि किरण सरळ आत येतात. ओल्या पांढऱ्या शर्टातून बनियन दिसू लागतं ते याच कारणाने. जे डोळ्याला दिसतं तेच अतिनील किरणांचंही होतं. पाठीला चिकटलेला ओला पांढरा सुती कोट सगळ्यात वाईट, कारण तो ओलाही आहे आणि अंगाला टेकलेलाही. टेरीकॉट पाणी कमी धरतं, लवकर वाळतं, म्हणून घामाघूम होणाऱ्यांनी निम्म्याहून जास्त पॉलिस्टर असलेलं मिश्र ट्विल घेणं योग्य.

खरेदी

नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत गेलात तर सनकोटाचं कापड म्हणून न मागता गणवेशाचं पँटपीस दाखवा म्हणून सांगा. सोलापूर गणवेश शिवणारं गाव आहे, त्यामुळे खाकी, नेव्ही, मरून अशा पक्क्या रंगांतलं दाट ट्विल इथे कटपीसमध्येही मिळतं. फार जड पँटिंग नको, हलकं ट्विल बघा. पन्हा किती आहे ते आधी विचारा आणि टेलरने सांगितलेल्या मापावर १०० मीटरला ५ या हिशोबाने आटण्यासाठी जादा धरा. अडीच मीटर लागत असेल तर साधारण १२-१३ सेंटिमीटर. बाही मनगटाच्या पुढे, बोटांच्या मुळापर्यंत जाईल एवढी ठेवा आणि कॉलर उभी राहील अशी. खांद्यावर त्याच कापडाचा दुहेरी तुकडा लावून घेतला तर सगळ्यात जास्त ऊन खाणारी जागा दोन थरांची होते.

दुकानात हाताला कडक लागणाऱ्या स्वस्त सुती कापडापासून सावध राहा. त्यातली भोकं खळीने बुजलेली असतात. कापडाची एक घडी दोन बोटांत चांगली चोळा. पांढरी भुकटी सुटली आणि चोळलेली जागा मऊ, पारदर्शक झाली तर पहिल्या धुण्यातच त्याचा घट्टपणा पाण्यात जाणार.

धुण्याने काय बदलतं

पहिल्या दोन-तीन धुण्यांत दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध घडतात. खळ निघून जाते, त्यामुळे भोकं उघडतात. आणि सूत आटतं, त्यामुळे धागे जवळ येऊन भोकं मिटतात. चांगल्या कापडात खळ कमी असते, म्हणून आटणं जिंकतं आणि धुतलेला सुती कपडा नव्यापेक्षा जास्त अडवतो. खळीवर उभ्या असलेल्या कापडात उलटं होतं. कुठलं घडणार ते शिवण्याआधीच कळायला हवं.

तीस सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा घ्या. कडा उसवू नयेत म्हणून टाके घाला. आत पक्क्या शाईने २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा, ताण्याच्या दिशेला बाण काढा. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, मग नेहमीच्या पावडरने तीनदा धुऊन वाळवा, इस्त्री करा आणि मोजा. समजा तो ताण्याच्या दिशेने २४ आणि आडवा सव्वाचोवीस झाला. म्हणजे लांबीत ४ आणि रुंदीत ३ टक्के आटला. आपल्या ट्विलमध्ये इंचाला ताणा १०८ चा १११ आणि बाणा ५६ चा ५८ होतो. वरचाच हिशोब पुन्हा केला तर मोकळी जागा साडेसातवरून ६ टक्क्यांवर येते. पाऊण-एक सेंटिमीटर आटण्यात भोकांचा पाचवा हिस्सा मिटला. हे फुकट मिळालेलं संरक्षण आहे, पण कपडा शिवून झाल्यावर आटला तर बाही आखूड होते आणि पाठ ताणली जाते, म्हणजे मिळालेलं हातचं जातं. म्हणून सगळं कापड आधी भिजवून, वाळवूनच टेलरकडे द्या. आटणं आधीच काढून टाकलेलं कापड किंवा पॉलिस्टर यात हा फायदा जवळजवळ नाही.

पावडरीचा परिणाम वेगळा. बऱ्याच धुण्याच्या पावडरींत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून ऑप्टिकल ब्राइटनर घातलेलं असतं. घराघरात टिनोपॉल म्हणून ओळखलं जातं ते हेच. हे द्रव्य अतिनील किरण गिळतं आणि निळसर उजेड सोडतं, म्हणून कपडा चमकतो. सुताला ते चिकटतं आणि धुण्यागणिक साठत जातं, त्यामुळे पांढऱ्या सुती कपड्याचं संरक्षण वाढतं. पॉलिस्टरला ते धरत नाही. त्याचा जोर मुख्यतः यूव्ही-ए किरणांवर चालतो, आणि भोकांवर अर्थातच चालत नाही. निळीला हे काम जमत नाही, ती पिवळेपणा डोळ्याआड करण्यापुरती असते.

घरात ब्राइटनर आहे का हे नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चने दिसतं. अंधाऱ्या खोलीत टॉर्च डोळ्यांपासून दूर धरून पांढऱ्या कपड्यावर मारा. ब्राइटनर असलेला कपडा निळा-जांभळा उजळतो, कोरा मांजरपाट मंदच राहतो. याच टॉर्चने आणखी एक गोष्ट बघता येते. टेबलावर झेरॉक्सचा पांढरा कागद ठेवा, तोही निळा उजळतो. आता टॉर्च आणि कागद यांच्यामध्ये, कागदापासून चार बोटं वर, कापड धरा आणि कडेने कागदाकडे बघा. कागद जितका विझला, तितके किरण अडले. केंब्रिक आणि ट्विल एकापाठोपाठ धरले की फरक पाहून दुसरं काही सांगावं लागत नाही. एवढं ध्यानात ठेवा की हा टॉर्च यूव्ही-एचा आहे. पांढरं पॉलिस्टर या परीक्षेत वास्तवापेक्षा दुबळं दिसेल, कारण त्याची खरी ताकद यूव्ही-बी अडवण्यात आहे.

गडद सनकोटाला मात्र ब्राइटनरची पावडर वापरू नका, रंग मळकट दिसू लागतो. त्याला रंगीत कपड्यांसाठीचं द्रव डिटर्जंट, साधं पाणी, कपडा उलटा करून धुणं आणि सावलीत वाळवणं. क्लोरीनचं ब्लीच कुठल्याच उन्हाच्या कपड्याला लावू नका, ते रंग नेतं, ब्राइटनर मारतं आणि सूत कुजवतं. धोपटून आणि ब्रशने घासून खांदा व कोपर पातळ होतात, आणि नेमकी तीच जागा उन्हात असते. डाग असेल तर अर्धा तास भिजवून हाताने चोळा.

बाजारातल्या काही कोटांवर यूपीएफ ५०+ लिहिलेलं असतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ४३९९ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे, जे १९९६ मध्ये पहिल्यांदा आलं, कापडाची चाचणी कोरं, कोरडं आणि न ताणलेलं असताना होते. तुमचा कोट दोन मोसमांनंतर घामाने ओला आणि कोपरावर ताणलेला असतो. शिवाय दाट विणीने मिळालेला आकडा टिकतो, वरून लावलेल्या द्रव्याचा आकडा धुण्यात उतरू शकतो. विक्रेत्याला विचारा की हे फिनिश किती धुण्यांपर्यंत टिकतं. उत्तर मिळालं नाही तर टॉर्च लावून वीणच बघा.

दर वर्षी होळीच्या सुमारास जुना सनकोट बाहेर काढलात की खांद्याची शिवण उलटी करा. आत दुमडलेल्या पट्टीवर मूळचा रंग जसाच्या तसा असतो. ती पट्टी खांद्याच्या वरच्या बाजूला लावून बघा. थोडाच फरक असेल तर चालू द्या. रंग निम्म्याने उतरला असेल तर मोबाइलचा टॉर्च आधी पट्टीखाली आणि मग खांद्याखाली धरा. खांद्यात ठिपके वाढलेले दिसले तर आतून दुहेरी तुकडा लावून घ्या. कोपरही तसंच निघालं तर तो कोट घरात फडक्याला द्या आणि एप्रिल लागायच्या आत नवं कापड भिजत घाला.